जाळीवर भाजलेल्या मांसासोबत कोणती रेड वाइन निवडावी: शिराझ, झिनफँडेल की माल्बेक?

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात निखाऱ्यांवर भाजायच्या मटणासोबत वाइन घ्यायची असेल, तर निवड मटण की चिकन यावरून न करता मसाल्यातील मिरचीवरून करावी. ब्याडगी मिरची रंग भरपूर देते आणि तिखटपणा बेताचा ठेवते. संकेश्वरी मात्र खरी तिखट असते. वाइनमधील अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवते आणि टॅनिनचा तुरटपणा त्या जळजळीत अधिक खरखरीत लागतो. त्यामुळे मसाल्यात या दोन मिरच्यांचे प्रमाण किती आहे, हे आधी पाहावे.

त्यानंतर बाटलीवरील अल्कोहोलची टक्केवारी वाचावी. झिनफँडेलच्या एकाच घडात काही मणी हिरवट, तर काही पार मनुक्यासारखे सुकलेले असतात. हिरवट मणी पिकेपर्यंत थांबावे लागते, तोवर बाकीच्यांत साखर खूप वाढते, आणि म्हणून या वाइनमध्ये १५ टक्के किंवा त्याहूनही अधिक अल्कोहोल आढळते. तिचा वास पिकलेल्या फळांच्या जॅमसारखा येतो, पण त्यावरून ती गोड असेलच असे समजू नये. लाल झिनफँडेल बहुधा कोरडीच असते. माल्बेक मूळची फ्रान्समधील असली तरी आज ती अर्जेंटिनातील मेंडोझा भागामुळे ओळखली जाते. तिथली माल्बेक जांभळट रंगाची आणि मऊ टॅनिनची असते, आणि निखाऱ्यांवर भाजलेल्या गोमांसासोबत ती पिण्याची तिथे जुनी रीत आहे.

सिराह आणि शिराझ ही एकाच द्राक्षाची नावे असून भारतीय बाटल्यांवर सहसा शिराझ असेच लिहिलेले असते. तिला येणारा काळ्या मिरीचा वास ही निव्वळ कल्पना नव्हे. रोटुंडोन नावाचे जे द्रव्य मिरीत असते, तेच या द्राक्षाच्या सालीतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. सुमारे पाचांपैकी एका माणसाला हा वास येतच नाही, तेव्हा पंगतीतील कोणी ‘मला काही मिरी लागत नाही’ म्हणाले, तर वाद घालू नये. थंड हवेतील शिराझमध्ये हा वास ठळक असतो, तर उष्ण प्रदेशात तो कमी होऊन फळांचा गोडसर वास पुढे येतो.

आता एक बेत प्रत्यक्ष पाहू. अर्धा किलो मटणाच्या चापांना चार चमचे दही, आले-लसूण, दोन चमचे ब्याडगी पूड, पाव चमचा संकेश्वरी पूड आणि एक चमचा भरड मिरी लावून ते रात्रभर मुरवावेत. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावरच जाळी ठेवावी, कारण ज्वाळेवर मसाला करपतो आणि करपलेला कडूपणा टॅनिनसोबत दुप्पट जाणवतो. या चापांना शिराझ घ्यावी, शक्यतो १३.५ टक्क्यांच्या आसपासची. चापांची चरबी आणि प्रथिने तुरटपणा बोथट करतात, आणि मिरीला मिरी मिळते.

याच चापांना संकेश्वरी दोन चमचे घातली, तर झिनफँडेल बाजूला ठेवावी आणि कमी अल्कोहोलची माल्बेक घ्यावी. त्याहून तिखट मसाल्याला या तिन्हींपैकी एकही शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. झिनफँडेलची खरी जागा आहे गूळ-चिंचेचा लेप दिलेल्या चिकनच्या तंगड्यांसोबत. गोड पदार्थानंतर साधी कोरडी वाइन आंबट आणि रोड लागते. झिनफँडेलमधील भरगच्च फळांचा स्वाद मात्र गुळापुढे टिकतो.

बाटली वाढण्यापूर्वी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. उन्हाळ्यात आपल्याकडची खोली ३० अंशांच्या वर जाते आणि त्या तापमानाला ग्लासातून आधी अल्कोहोलचाच भपका येतो. १६ अंशांच्या आसपास तो दबतो. मग एक घास खाऊन एक घोट घ्यावा. घोटानंतर घसा पेटला, तर वाइन आणखी थंड करावी. हिरड्या कोरड्या पडल्या, तर चापावर थोडे लोणी फिरवावे आणि लिंबू-मीठ लावावे. मीठ व आंबटपणाने तुरटपणा सौम्य वाटतो. जीभ कडू झाली, तर दोष बहुधा शेगडीचा असतो, तेव्हा करपलेला भाग काढून टाकावा आणि पुढची खेप निखाऱ्यांपासून जरा उंच धरावी.