इनडिफरन्स पॉइंट: २० लाख की १२.८० लाख?

सीए इंटरच्या एका सराव परीक्षेत कॅपिटल स्ट्रक्चरच्या प्रश्नात मी सल्ला उलटा दिला. शेअर्स काढायला हवे होते आणि मी ‘डिबेंचर्स काढावेत’ असं लिहून आलो. सूत्र तोंडपाठ होतं, आकडेमोडही बरोबर होती. नव्याने एफएम सुरू करणाऱ्यांनी हा प्रश्न नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तसंच एक गणित घेऊन सगळं सांगतो.

कंपनीचे १० रुपये दर्शनी किमतीचे ४ लाख इक्विटी शेअर्स आहेत. २० लाखांचे १०% डिबेंचर्सही आधीपासून आहेत, म्हणजे वर्षाला २ लाख व्याज जातंच. आता विस्तारासाठी ५० लाख हवेत. एक तर २५ रुपये भावाने नवीन शेअर्स काढायचे, नाही तर १२% डिबेंचर्स. कर २५%. विस्तारानंतर ईबीआयटी, म्हणजे व्याज आणि कर वजा होण्याआधीचा नफा, १६ लाख अपेक्षित आहे. कुठला पर्याय घ्यायचा?

इनडिफरन्स पॉइंट म्हणजे ईबीआयटीचा तो आकडा, जिथे दोन्ही पर्यायांत ईपीएस, म्हणजे कर भरल्यानंतर एका शेअरमागे येणारा नफा, सारखाच येतो. त्याच्या खाली इक्विटी बरी, वर कर्ज बरं. मांडणी करण्याआधी प्रत्येक पर्यायासाठी दोनच गोष्टी लिहून घ्यायच्या: एकूण व्याज किती आणि एकूण शेअर्स किती. इक्विटी घेतली तर व्याज जुनंच, २ लाख. नवीन शेअर्स ५० लाख भागिले २५, म्हणजे २ लाख; एकूण ६ लाख. डिबेंचर्स घेतले तर व्याज २ अधिक ६, म्हणजे ८ लाख, आणि शेअर्स आहेत तेवढेच, ४ लाख. ईबीआयटीला क्ष मानू. सगळे आकडे लाखांत:

```
(क्ष − २) × ०.७५ / ६ = (क्ष − ८) × ०.७५ / ४
४(क्ष − २) = ६(क्ष − ८)
क्ष = २०
```

२० लाखांना दोन्हीकडे ईपीएस २.२५ रुपये येतो. अपेक्षित ईबीआयटी १६ लाख, म्हणजे पॉइंटच्या खाली. तिथे इक्विटीत ईपीएस १.७५ आणि कर्जात १.५०. उत्तर इक्विटी.

माझी चूक शेअर्स मोजण्यात होती. मी ५० लाखांना दर्शनी किमतीने, १० रुपयांनी भागलं. नवीन शेअर्स ५ लाख, एकूण ९ लाख आले आणि पॉइंट निघाला १२.८० लाख. १६ लाख त्याच्या वर, म्हणून मी ‘कर्ज घ्या’ लिहिलं. वाईट गोष्ट अशी की मी ताळाही करून पाहिला होता. १२.८० लाख परत दोन्ही बाजूंना घातले तर ईपीएस दोन्हीकडे ९० पैसेच येतो. समीकरण चुकीच्या आकड्यांवर उभं असलं तरी त्याचं उत्तर त्याच समीकरणात बसणारच. म्हणून तो ताळा फक्त आकडेमोडीची चूक पकडतो, मांडणीची नाही.

मांडणीची चूक पकडायची रीत मला आमच्या ऑफिसातल्या एका सीनिअर आर्टिकल ताईने दाखवली. पेपर बघून तिने पेन्सिल घेतली आणि विचारलं, “सूत्र राहू दे बाजूला. नवीन शेअरहोल्डर किती पैसे घालून आत आला?”

“पंचवीस रुपये, ताई.”

“आणि तेच पंचवीस रुपये कर्जाने आणले असते तर व्याज किती?”

“तीन रुपये.”

“मग पॉइंटवर त्याच्या वाट्याला कराआधी तीनच रुपये यायला हवेत. बघ येतात का.”

मी बरोबर उत्तर घेऊन पाहिलं. २० लाखांतून २ लाख व्याज गेलं, १८ लाख उरले, ६ लाख शेअर्सवर वाटले: बरोबर ३ रुपये. माझ्या चुकलेल्या उत्तरात १०.८० लाख ९ लाख शेअर्सवर जात होते, म्हणजे शेअरमागे १ रुपया २० पैसे. पंचवीस रुपयांवर हे ४.८% झाले, १२% नाहीत. चूक लगेच उघडी पडली.

ह्यामागचं कारण कळलं की सूत्र पाठ करायची गरजच राहत नाही. पैसे नवीन शेअरहोल्डरकडून घेतले तर त्याला नफ्यात वाटा द्यावा लागतो, कर्ज घेतलं तर व्याज. जिथे त्याचा कराआधीचा वाटा त्याच्या पैशांवरच्या व्याजाएवढा होतो, तिथे जुन्या शेअरहोल्डरला दोन्ही सारखंच. नफा त्याहून वाढला तर नवीन माणूस व्याजापेक्षा जास्त घेऊन जातो, म्हणून कर्ज परवडतं. व्याज आणि शेअरचा नफा दोन्ही कराआधी मोजतो, म्हणूनच समीकरणातला ०.७५ दोन्हीकडून उडून जातो. इथे कराचा दर ३०% केला तरी पॉइंट २० लाखच राहील. फक्त ईपीएस बदलेल.

प्रेफरन्स शेअर्स आले की मात्र कर उडत नाही. त्यांचा डिव्हिडंड कर भरल्यानंतरच्या नफ्यातून जातो. डिबेंचर्सऐवजी ५० लाखांचे १२% प्रेफरन्स असते, तर ६ लाखांचा डिव्हिडंड द्यायला कराआधी ८ लाख कमवावे लागले असते, आणि पॉइंट २६ लाखांवर गेला असता.

दुसरी नेहमीची चूक जुन्या व्याजाची. ते दोन्ही बाजूंना आहे म्हणून करासारखं उडेल असं वाटतं. उडत नाही, कारण दोन्हीकडे भागाकार वेगवेगळ्या शेअर्सनी होतो. ते सोडलं तर पॉइंट १८ लाख येतो, बरोबर जुन्या व्याजाएवढा, २ लाखांनी कमी. अपेक्षित ईबीआयटी १९ लाख असता तर एवढ्यावरूनच सल्ला उलटला असता.

प्रश्नाच्या शेवटी पीई रेशो, म्हणजे शेअरचा बाजारभाव ईपीएसच्या किती पट आहे ते, दिलेला असेल तर ईपीएसवर थांबायचं नाही. कर्ज वाढलं की शेअरहोल्डरची जोखीम वाढते, म्हणून अशा प्रश्नांत कर्जाच्या पर्यायाला बहुधा कमी पीई देतात. ह्याच कंपनीत इक्विटीला पीई १० आणि कर्जाला ८ धरू. ईबीआयटी २४ लाख असेल तर ईपीएस इक्विटीत २.७५, कर्जात ३ रुपये. ईपीएस सांगतो कर्ज. पण बाजारभाव इक्विटीत २७.५० आणि कर्जात २४. शेअरहोल्डरच्या हातात भाव असतो, म्हणून इथे शिफारस इक्विटीची. भाव दोन्हीकडे सारखा व्हायला ईबीआयटी ३८ लाखांवर जावा लागतो. तिथे ईपीएस ४.५० आणि ५.६२५, आणि भाव दोन्हीकडे ४५ रुपये. हा आकडा त्याच समीकरणाच्या एका बाजूला १० ने आणि दुसऱ्या बाजूला ८ ने गुणून निघतो. मी उत्तरपत्रिकेत दोन्ही पॉइंट वेगवेगळ्या ओळींवर लिहितो आणि शिफारस कशावरून केली, ईपीएसवरून की भावावरून, हे त्याच वाक्यात नमूद करतो.