पहिली सिगारेट किती मिनिटांनी? हा प्रश्न विचारताना या चुका टाळा

सिगारेटची सवय शरीरात किती मुरली आहे, हे मोजायला दोन प्रश्न पुरतात. सकाळी जाग आल्यापासून किती मिनिटांनी पहिली सिगारेट ओढता? आणि दिवसाला किती ओढता? गोव्यातल्या डिचोली तालुक्यात समुपदेशनाचं काम करताना मी हे दोन प्रश्न रोज विचारते. विचारायला मिनिटभर लागतं, पण चुकीचं विचारलं तर पुढचे उपचारच चुकीच्या मापाचे होतात. माझ्या हातून झालेली अशी एक चूक इथे सविस्तर मांडते, कारण बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातच दडलेल्या होत्या.

आधी गुणांची रीत. जाग आल्यापासून 5 मिनिटांच्या आत पहिली सिगारेट असेल तर 3 गुण, 6 ते 30 मिनिटांत 2, 31 ते 60 मिनिटांत 1 आणि तासानंतर 0. संख्येसाठी 10 किंवा कमी असतील तर 0, 11 ते 20 ला 1, 21 ते 30 ला 2 आणि 31 पासून पुढे 3. बेरीज 0 ते 6. साधारणपणे 0 ते 2 कमी, 3-4 मध्यम आणि 5-6 जास्त अवलंबित्व धरतात. हे अवलंबित्व मोजणारी संशोधक फॅगरस्ट्रॉम यांची मूळ प्रश्नावली 1978 ची, आठ प्रश्नांची. त्यातल्या या दोनच प्रश्नांवर बरंचसं काम भागतं, हे 1989 मध्ये हेदरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. 1991 च्या सहा प्रश्नांच्या "फॅगरस्ट्रॉम निकोटिन अवलंबित्व चाचणी"तही हे दोन तसेच आहेत, आणि तिथल्या एकूण 10 गुणांपैकी 6 यांचेच आहेत.

घड्याळ कुठून सुरू करायचं

माझ्यासमोर बसलेले भाऊ चव्वेचाळीस वर्षांचे होते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मी विचारलं, "पहिली सिगारेट कधी?" ते म्हणाले, "तिठ्यावरच्या गाड्यावर, चहाबरोबर. सवासहाला. मग कंपनीची बस येते." उठता कधी? पाच-दहाला. म्हणजे 65 मिनिटं. मी 0 लिहिला. दिवसाला किती? "एक पाकीट." दहाचं पाकीट, म्हणजे पुन्हा 0. एकूण शून्य. आमच्या डॉक्टरांनी त्या कागदावरून 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला.

आठवड्याने भाऊ परत आले. "ताई, गम चघळतो, पण काही होत नाही. सकाळी तर डोकंच फिरतं." या वेळी वहिनी बरोबर होत्या. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि भाऊंनी तेच उत्तर दिलं. वहिनी म्हणाल्या, "आणि मागीलदारी ओढता ते? अजून पाववाल्या पदेराचा हॉर्नसुद्धा वाजलेला नसतो." भाऊ म्हणाले, "ते थोटूक असतं. ती काय सिगारेट?"

रात्री झोपण्यापूर्वी अर्धी ओढून विझवलेली सिगारेट ते न्हाणीच्या खिडकीत ठेवायचे. पहाटे पाच-दहाला उठले की चूळ भरायच्या आधी तीच पेटवायची. म्हणजे पाच-तेराला. 65 मिनिटांचे झाले 3, आणि 0 गुणांचे झाले 3.

ते खोटं बोलले नव्हते. मीच प्रश्न सैल विचारला होता. "पहिली सिगारेट" म्हटलं की माणसाला आठवते ती चहाबरोबरची, चारचौघांतली, नवी पेटवलेली. थोटूक, मित्राच्या हातातले दोन झुरके, संडासात ओढलेली अर्धी या त्याच्या हिशेबात येतच नाहीत. शिवाय "सकाळी उठल्यावर" याचा अर्थ कुणी अंथरुणातून उठल्यावर घेतो, कुणी आंघोळ-देवपूजा आटोपल्यावर. म्हणून मी आता उलट्या बाजूने जाते. डोळे उघडले तेव्हा घड्याळात किती वाजले होते? मग काय केलं? मग कुठे गेलात? तोंडात पहिल्यांदा धूर कधी गेला? मिनिटं मी नंतर मोजते, आणि गटाचे आकडे रुग्णाला वाचून दाखवत नाही. "पाच मिनिटांच्या आत की अर्ध्या तासात?" असं विचारलं की बहुतेक जण लाजून पुढचा गट सांगतात. कागदावर आधी खरी मिनिटं लिहायची, गुण शेजारी.

या मिनिटांना एवढं वजन का? निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. सात तासांच्या झोपेत ते खूप खाली येतं आणि जाग येते ती तुटीत. ती तूट किती वेळ सोसवते, हे पहिल्या सिगारेटची वेळ सांगते. दिवसभरात किती ओढल्या हे पैशांवर, कामावरच्या नियमांवर, घरात कोण आहे यावर अवलंबून राहतं. पहाटेच्या त्या पहिल्या मिनिटांवर बाहेरचा ताबा सगळ्यात कमी असतो. गमच्या मात्रेचा रूढ नियमही यावरच उभा आहे. जाग आल्यापासून 30 मिनिटांच्या आत सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नंतर लागत असेल तर 2. भाऊंना निम्म्या ताकदीचा गम मिळाला होता, तोही माझ्या एका शून्यामुळे.

"एक पाकीट" हा आकडा नाही

दुसऱ्या प्रश्नाची अडचण अशी की लोक दहा-वीसमध्ये बोलतात आणि गुणांच्या रेषाही तिथेच आखलेल्या आहेत. 10 ला 0 आणि 11 ला 1. "एक पाकीट" म्हणणारा नेमका रेषेवर उभा असतो. त्यात आपल्याकडे गाड्यावर सुट्या सिगारेटी मिळतात आणि त्या कुणी पाकिटात मोजत नाही.

भाऊंना मी कालचा दिवस सांगायला लावला, जागेजागेने. पहाटेचं थोटूक अर्धं. गाड्यावर चहाबरोबर एक, कंपनीच्या गेटबाहेर एक. आत बंदी, त्यामुळे मधल्या सुट्टीत बाहेर येऊन लागोपाठ दोन. जेवणानंतर एक. सुटल्यावर बसची वाट बघताना दोन. संध्याकाळी तिठ्यावर चार. रात्री जेवणानंतर दोन आणि झोपताना अर्धी, जिचं उरलेलं अर्धं खिडकीत जातं. बेरीज 14. पाकिटातल्या दहा आणि चार सुट्या. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. संख्येचा 1 गुण, वेळेचे 3, एकूण 4. आठवड्यापूर्वी त्याच माणसाला मी 0 दिला होता.

एकूण 4 एवढंच लिहून कागद बंद करू नका. दोन्ही आकडे वेगळे दिसायला हवेत. दिवसाला 25 ओढणारा, पण पहिली दीड तासाने पेटवणारा 2 गुणांवर येतो. दिवसाला 8 ओढणारा, पण अंथरुणातच पेटवणारा 3 वर. नुसती बेरीज बघितली तर दोघांत एकाच गुणाचा फरक. सकाळची तलफ मात्र दुसऱ्याची कितीतरी कठीण, आणि सोडताना पहिला दिवस त्यालाच जड जाणार. संख्या मोठी आणि पहिली सिगारेट उशिरा, अशी जोडी समोर आली की मी एकदा तरी उलटून विचारते. कधी ती खरी असते, घरात लहान मूल असतं किंवा आई-वडिलांचा धाक असतो. कधी थोटूक सापडतं.

पाळी बदलली की सकाळही बदलते

रात्रपाळीवाल्याला "सकाळी" हा शब्दच वापरू नका. तो सकाळी आठला घरी येतो, ओढतो, झोपतो आणि दुपारी तीनला उठतो. त्याची पहिली सिगारेट तीन वाजल्यापासून मोजायची. घड्याळ मुख्य झोप संपल्यापासून धावतं, सूर्य उगवल्यापासून नाही. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर सध्याच्या पाळीचं उत्तर घ्या आणि पाळी कोणती ते शेजारी लिहा, नाहीतर पुढच्या भेटीत तुलना करता येत नाही. मध्यरात्री उठून कुणी ओढत असेल तर तेही वेगळं टिपून ठेवा. या गुणांत त्याला जागा नाही, पण ती खूण मोठी आहे.

कोणत्या दिवसांबद्दल विचारताय?

चतुर्थीच्या दिवसांत घरात गणपती असताना दोनवर आलेला माणूस, किंवा खोकल्याने हैराण होऊन आठ दिवस कमी केलेला माणूस, तुम्हाला आजचा आकडा सांगेल. तो त्याचा नेहमीचा आकडा नसतो. त्यातही, सिगारेटी निम्म्या केल्या म्हणजे निकोटिन निम्मं झालं असं होत नाही. उरलेल्या सिगारेटी माणूस जास्त खोल, जास्त झुरके घेऊन, अगदी फिल्टरपर्यंत ओढतो. म्हणून "कमी करायच्या आधीच्या साध्या आठवड्यात" असं म्हणून विचारा, आणि आजचा आकडा दुसऱ्या रकान्यात घ्या.

सिगारेटबरोबर तंबाखू-चुना खाणाऱ्याच्या बाबतीत हे गुण कमी पडतात. त्याची पहाटेची तूट गालातल्या चिमटीने भरून निघते, सिगारेट सावकाश दहाला आली तरी चालते. अशा वेळी तंबाखूच्या पुड्या सिगारेटींत मिळवू नका. सहा प्रश्नांची ती चाचणी सिगारेटसाठी बेतलेली आहे, आणि 2012 मध्ये तिच्या नावातलं "निकोटिन" काढून "सिगारेट" घातलं गेलं ते त्याचसाठी. तंबाखू खाण्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे. निदान "उठल्यावर पहिला तंबाखू, कोणताही, कधी?" एवढं तरी विचारून बाजूला लिहा.

घरच्यांसमोर विचारायचं की एकट्याला, याचा माझा नियम पक्का नाही. भाऊंच्या बाबतीत वहिनींमुळे थोटूक सापडलं. पण बायकोसमोर संख्या कमी सांगणारे मी जास्त पाहिलेत. म्हणून आधी एकट्याला विचारते, मग त्याच्या परवानगीने घरच्यांना.

डॉक्टरांनी भाऊंना 4 मिलिग्रॅमचा गम दिला. तो पहाटे उठल्याबरोबर, चहाच्या आधी घ्यायचा. चहा-कॉफीनंतर लगेच तोंडात टाकला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून निदान पंधरा मिनिटांचं अंतर ठेवायचं. खिडकीतली जागा वहिनींनी रिकामी केली. चार आठवड्यांनी मी पुन्हा तसंच विचारलं, डोळे उघडल्यापासून एकेक पाऊल. दिवसाला 9, पहिली गाड्यावर चहाबरोबर, 65 व्या मिनिटाला. या वेळी वहिनींनीही मान हलवली. कागदावर पुन्हा 0 आला, पण आता शेजारी मिनिटं आहेत, पाळी आहे, आणि कंसात लिहिलंय: थोटूक नाही.