५ क्विंटलच्या दालमिलवरून २० क्विंटलच्या दालमिलचा अंदाज काढताना या चुका टाळा

आमचं वर्कशॉप वाशीम जिल्ह्यातलं. तूर साफ करण्यापासून डाळ फोडण्यापर्यंतची यंत्रं बनवतो, बसवून देतो. नेहमीची गिऱ्हाइकं ताशी ३ ते ५ क्विंटलवाली. अशात एखाद्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष येतात आणि ताशी २० क्विंटलचा प्लांट मागतात. एवढा मोठा आपण कधी केलेला नसतो, पुन्हा कधी करू याचीही खात्री नसते. माणूस समोर चहा पीत बसलेला असतो आणि विचारतो, "भाऊ, तुमचा ५ क्विंटलवाला २४ लाखात झाला म्हणता. मंग हा कितीत जाईन? चौपट तं नाही ना लागत?"

चौपट लागत नाही, हे खरंच. पण किती कमी लागतं, ते सांगताना मी एकदा चांगलाच आपटलो आहे.

अशा वेळी बहुतेक जण हे सूत्र वापरतात:

```
C2 = C1 × (Q2 / Q1)^n
```

C1 म्हणजे जुन्या प्लांटचा खर्च, Q1 त्याची क्षमता, Q2 नव्याची क्षमता आणि n म्हणजे घातांक. n बहुधा ०.६ धरतात. क्षमता चौपट असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ४ चा ०.६ घात काढायचा, उत्तर २.३ च्या जवळ येतं. २४ लाख गुणिले २.३ म्हणजे ५५ लाख. सांगायला सोपं, ऐकायला गोड. आणि चूक.

०.६ कुठून आला ते विसरणं

हा आकडा रॉजर विल्यम्स यांनी १९४७ साली 'केमिकल इंजिनिअरिंग' या अमेरिकन मासिकात मांडला आणि पुढे रूढ झाला. तो रासायनिक कारखान्यांच्या टाक्या, पाइप आणि बंद भांड्यांच्या दुनियेतला. तिथे तो का चालतो, हे पत्र्याची कोठी करणाऱ्याला लगेच समजतं. कोठीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली की माल आठपट बसतो, पण पत्रा लागतो चौपटच. माल घनफळावर जातो, खर्च पत्र्याच्या क्षेत्रफळावर. म्हणून घातांक दोन तृतीयांश, म्हणजे ०.६७ च्या आसपास येतो.

दालमिलमध्ये कोठ्या आहेत, पण सगळा प्लांट काही कोठ्यांचा नाही. एमरी रोल एका मापापलीकडे मोठा करता येत नाही, दुसरा लावावा लागतो. तेल-पाणी लावलेली तूर वाळवायचा ओटा तर सरळ पटीतच वाढतो. उन्हात वाळवताना थर जाड करून चालत नाही, वरची वाळते आणि खालची ओली राहते. चौपट तूर म्हणजे चौपट ओटा. तिथे घातांक १, एक पैसा कमी नाही.

माझी चूक हीच होती. २४ लाखांच्या अख्ख्या गठ्ठ्याला मी एकच घातांक लावला.

२४ लाखांत काय काय होतं, ते न उघडणं

जुन्या प्लांटची फाइल काढा. आमचा तो २०१९ मधला. खालचे आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण हिशोबाची चाल तीच आहे. चाळण्या, ग्रेडर आणि डिस्टोनर मिळून ४ लाख. एमरी रोल मोटारीसकट ५ लाख. एलिव्हेटर, स्क्रू कन्व्हेयर आणि हॉपर ५ लाख. तेल लावलेली तूर मुरवायच्या कोठ्या २ लाख. पॅनेल आणि वायरिंग २ लाख. काँक्रीटचा ओटा ४ लाख. ड्रॉइंग, वाहतूक आणि बसवणी २ लाख. हा सगळा आपला खर्च आहे. नफा आणि जीएसटी यात नाहीत. पुष्कळ जण बिलाचा आकडा घेऊन त्यालाच घात लावतात, मग नफाही ०.६ च्या घाताने वाढतो आणि का कमी पडला ते वर्षभर कळत नाही.

ती २४ लाखांची रक्कम २०१९ ची, म्हणून आधी ती आजच्या भावात आणायची. केंद्र सरकारचा घाऊक किंमत निर्देशांक यासाठी वापरता येतो, पण लहान कामाला मी स्वतःची खरेदीची बिलं जास्त मानतो. तोच अँगल, तीच मोटार, तेव्हा कितीला घेतली आणि आज किती? आमच्या बिलांत सरासरी ३० टक्के वाढ निघाली. म्हणजे २४ चे ३१ लाख २० हजार झाले. ५५ लाख सांगणारा माणूस ही पायरीच विसरलेला असतो. ३१.२० ला २.३ ने गुणलं तर जवळजवळ ७२ लाख होतात. म्हणजे घातांकाची चूक बाजूलाच, नुसत्या वर्षाच्या चुकीने १७ लाख गेले.

प्रत्येक भाग कसा वाढतो ते पाहणं

आता एकेक वस्तू हातात घेऊ. आकडे आजच्या भावाचे, क्षमता चौपट.

चाळण्या आणि डिस्टोनर ५.२ लाखांचे. ही यंत्रं मोठ्या मापात मिळतात, म्हणून इथे ०.६ लावायला हरकत नाही. ११.९ लाख.

एमरी रोल ६.५ लाखांचा. आम्हाला मिळतो तो मोठ्यात मोठा रोल ताशी १० क्विंटलचा. म्हणून घात फक्त ५ ते १० पर्यंतच चालतो. २ चा ०.६ घात १.५२, म्हणजे एक रोल ९.८५ लाखांचा. तसे दोन लागतील, १९.७ लाख. थेट चौपटीला ०.६ लावला असता तर १४.९ वर थांबलो असतो. अशी 'मोठं मशीन बाजारात नाहीच' ही जागा शोधायची असेल तर पुरवठादाराला एकच विचारा: तुमच्याकडचं सगळ्यात मोठं मॉडेल कितीचं?

एलिव्हेटर उलट दिशेला जातात. उंची तेवढीच राहते, बकेट रुंद होतो आणि मोटार थोडी मोठी. मी ०.४ धरतो, ६.५ चे ११.३ लाख होतात. कोठ्या ०.६७ ने २.६ वरून ६.६ लाख. पॅनेल आणि वायरिंग ०.७ ने ६.९ लाख.

ओटा ५.२ गुणिले ४, म्हणजे २०.८ लाख.

ड्रॉइंग आणि बसवणीला मी घातच लावत नाही. हा प्लांट एकदाच होणार. नवं ड्रॉइंग, नवा साचा, पहिल्या तुकड्यात वाया जाणारा पत्रा, आमच्या वाकवणी यंत्रात न बसणारी रुंद प्लेट अकोल्याला पाठवून वाकवून आणणं, हे सगळं तास मोजून लिहावं लागतं. दहा प्लांट करणाऱ्याला ते दहात वाटता येतं, आपल्याला नाही. ५ लाख.

शेवटी डीपी. जुन्या प्लांटला गावातल्या डीपीवरूनच वीज पुरली होती. चौपट भाराला स्वतंत्र डीपी लागला. वीज कंत्राटदाराचं कोटेशन ७ लाखांचं. जुन्या फाइलमध्ये या ओळीत शून्य होतं, आणि शून्याला कुठलाही घात दिला तरी शून्यच येतं. सूत्राने सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच.

बेरीज ८९ लाख २० हजार. गठ्ठ्याला ०.६ लावून आले होते ७२. फरक साडेसतरा लाखांचा, आणि तो मुख्यतः ओटा, डीपी आणि दुसरा रोल या तीन ओळींत आहे.

क्षमता कोणती, ते न विचारणं

'२० क्विंटल' म्हणजे तूर की डाळ? १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७२ किलो डाळ पडते. गिऱ्हाईक डाळ म्हणत असेल तर यंत्राला ताशी २८ क्विंटल तूर खावी लागेल.

दुसरा प्रश्न पाळीचा. आमच्या अध्यक्षांनी मुळात 'दिवसाला १६० क्विंटल' सांगितलं होतं, ८ तासांनी भागून २० मीच काढलं होतं. ते दोन पाळ्या चालवणार असते तर ताशी १० क्विंटलची यंत्रं पुरली असती, म्हणजे यंत्रांना क्षमतेचं गुणोत्तर २ आणि ओट्याला तरीही ४, कारण ओटा दिवसाच्या मालावर ठरतो, तासाच्या नाही. विचारलं तर म्हणाले, "रात्री माणसं भेटत नाही भाऊ, एकच पाळी चालवू." मग ४ कायम ठेवलं.

जागा तीच असेल असं धरणं

जुना ओटा मुरमाड टेकाडावर होता. नवी जागा काळ्या मातीत. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी ही माती. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दोन हंगामांत ओट्याला चिरा जातात. माती काढून मुरूम भरून दाबावा लागतो. त्याचे ५ लाख वेगळे. हा खर्च क्षमतेचा नाही, जागेचा आहे, म्हणून त्याला घातात न मिसळता वेगळ्या ओळीत ठेवला. एकूण ९४ लाख २० हजार.

आलेल्या उत्तराची उलटतपासणी न करणं

खर्चाचा आकडा आला की त्यातून घातांक मागे काढून पाहा:

```
n = ln(C2 / C1) / ln(Q2 / Q1)
```

मुरूम वगळून ८९.२ भागिले ३१.२ म्हणजे २.८६. ४ च्या प्रमाणात घातांक निघतो ०.७६. ०.६ पेक्षा वर आहे, पण कारण हातात आहे: ओटा, रोल, डीपी. तो १ च्या वर निघाला असता तर मी एखादी ओळ दोनदा धरली की काय, ते शोधलं असतं. ०.४ च्या खाली निघाला असता तर काहीतरी राहून गेलं, असं समजलो असतो.

हा ०.७६ आता आमच्या वहीत आहे, पण फक्त ५ ते २० क्विंटलसाठी, आणि वाळवण उन्हात असेल तरच. परवा एक जण ताशी ८० क्विंटलचं विचारत होता, तेही ड्रायर लावून. ड्रायर आला की ओट्याची ओळच जाते आणि तिच्या जागी भट्टी, पंखा, इंधन येतं. तो वेगळाच प्लांट आहे, त्याला आमच्या जुन्या प्लांटवरून कसलाच घात लागत नाही. त्यांना सांगितलं, आधी ड्रायरवाल्याचं कोटेशन आणा, मग बसू.

९४ लाखांचा हा आकडाही मी अध्यक्षांना कोटेशन म्हणून दिला नाही. कागदावर 'अंदाज, ३० टक्के वरखाली' असं लिहिलं, कर्जाच्या बोलणीपुरता. पक्कं कोटेशन रोल, मोटार, डीपी आणि ओट्याचे खरे भाव हातात आल्यावर, ओळीओळीने, १५ दिवसांची मुदत टाकून दिलं.