मोटार वाइंडिंगचं दुकान आणि स्वतःचा ठरलेला महिना

परभणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, क्यूआर कोड कोणत्या खात्याचा लावलाय? बहुतेकांचा घरच्या बचत खात्याचा असतो. मग कोणते पैसे मोटारीचे आणि कोणते घरचे, हे वर्षअखेरीला कुणालाच सांगता येत नाही. म्हणून उद्यम नोंदणी आणि दुकानाच्या कागदांवर चालू खातं काढा आणि कोड त्याच खात्याचा लावा. जळालेलं तांबं भंगारात विकल्यावर येणारे पैसेही तिथंच भरा. हे हमखास खिशात जातात, आणि ती रक्कम वाटते तेवढी किरकोळ नसते.

पुढचा प्रश्न, स्वतः किती घ्यायचं? आपला धंदा पाण्याच्या मागे चालतो. समजा वायर, भाडं, लाइटबिल आणि पोराचा पगार वजा जाता मार्च ते जून महिन्याला ४५ हजार उरतात. जुलै ते सप्टेंबर फक्त १२ हजार, कारण पाऊस चांगला झाला की बोअर कोण चालवतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन विकलं की उधारी वसूल होते, तेव्हा ३५ हजार. डिसेंबर ते फेब्रुवारी २२ हजार. वर्षाचे झाले ३ लाख ५२ हजार, महिन्याला सरासरी २९ हजारांच्या वर.

पण २९ उचलायचे नाहीत. मी २२ हजार धरीन. दर महिन्याच्या ५ तारखेला तेवढेच चालू खात्यातून घरच्या खात्यात टाकायचे. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत दरमहा १० हजार, म्हणजे ३० हजार कमी पडतात. ते उन्हाळ्यातल्या ९२ हजारांच्या शिलकीतून निघतात. वर्षाला ८८ हजार उरतात, त्यात कर, तांब्याची भाववाढ आणि बुडालेली उधारी बसते. म्हणून सुरुवात मार्चमध्ये करावी. जुलैत करायची तर ३० हजार आधी खात्यात हवेत.

ही उचल खर्चात धरायची नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि मालक कायद्यानं एकच, त्यामुळे कर नफ्यावर लागतो, तुम्ही २२ उचला नाहीतर १०. विम्याचा हप्ता किंवा पोरीची फी चुकून चालू खात्यातून गेलीच, तर तीही वहीत उचल म्हणूनच लिहायची. उलट घरून पैसे घातले तर ते भांडवल, विक्री नव्हे.

सप्टेंबरअखेर वायरवाल्याचं देणं थकवून घरचे २२ हजार निघत असतील, तर आकडा जास्त धरलाय. तो १८ वर आणा. दिवाळीला खातं फुगलेलं दिसतं तेव्हा मात्र वाढवू नका. ते पैसे उन्हाळ्यातल्या कामाचे आहेत, आणि त्या कामाची वायर तुम्ही तेव्हाच विकत घेतलेली असते.