मायक्रोपिपेट: जाड मॅन्युअलमधून काढलेल्या चार ओळी

मायक्रोपिपेट म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेण्याचं, वर बटण आणि टोकाला प्लास्टिकची टिप असलेलं उपकरण. त्याने घेतलेल्या १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम भरायला हवं. माझं दर वेळी ११५च्या पुढे जायचं. मॅन्युअल चाळल्यावर चूक सापडली: बटण दाबताना दोन ठिकाणी अडतं, ते त्याचे दोन थांबे; मी द्रव घेतानाच बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबत होते, म्हणून द्रव जास्त यायचा. आता पिपेट-स्टँडवर एवढंच चिकटवलंय:

हवेतच पहिल्या थांब्यापर्यंत दाबा.
टिप २-३ मिलिमीटरच बुडवून बटण सावकाश सोडा, सेकंदभर थांबा.
टिप नळीच्या भिंतीला टेकवून पहिल्या थांब्यापर्यंत, मग दुसऱ्यापर्यंत दाबा.
बटण दाबलेलंच ठेवून टिप बाहेर काढा.

बटण झटक्यात सोडलं तर बुडबुडा येतो आणि द्रव कमी भरतो. आता वजन ९९-१०० येतं. ग्लिसरॉलसारख्या घट्ट द्रवाला मात्र ही पद्धत चालत नाही. तो टिपेला चिकटून राहतो.