प्रोफॉर्मावर ॲडव्हान्स घेतला, आता टॅक्स इन्व्हॉईस करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ॲडव्हान्स वजा करण्यात. एक साधा हिशोब घेऊ. १०० नग, दर ५००, म्हणजे ५०,०००, त्यावर समजा १० टक्के टॅक्स धरून प्रोफॉर्मा ५५,००० चा झाला आणि पार्टीने ४० टक्के म्हणजे २२,००० ॲडव्हान्स पाठवला. डिस्पॅचच्या दिवशी ९० नगच तयार होते, तर बिल ९० चंच करायचं: ४५,००० अधिक टॅक्स ४,५००, एकूण ४९,५००. याच्या खाली "ॲडव्हान्स जमा २२,०००" लिहून बाकी २७,५००.

खूप जण काय करतात, ४५,००० मधून आधीच २२,००० काढतात आणि उरलेल्या २३,००० वर टॅक्स लावतात, बिल होतं २५,३०० चं. टॅक्स २,२०० ने कमी भरला गेला, आणि पार्टीलाही तेवढं क्रेडिट कमी मिळतं म्हणून नंतर त्यांचा अकाउंटंट फोन करतोच. ॲडव्हान्स म्हणजे डिस्काउंट नाही, आलेलं पेमेंट आहे, त्यामुळे तो टॅक्सनंतरच्या टोटलमधून वजा होतो.

ही चूक झालीय का हे पार्टीचं लेजर उघडलं की लगेच कळतं. माल गेला, बाकी पैसे आले, तरी २२,००० जमा बाजूला तसेच लटकलेले दिसत असतील तर ॲडव्हान्स बिलातच कापला गेलाय. अशा वेळी जुनं बिल खोडून बदलू नका, फरकाची डेबिट नोट काढा.

दुसरी चूक सॉफ्टवेअरच्या कन्व्हर्ट बटणाची. ते बहुतेक वेळा प्रोफॉर्मातले नग जसेच्या तसे उचलतं, कधी तारीखही, म्हणून सेव्ह करायच्या आधी पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून नग मोजा, तारीख डिस्पॅचची टाका, नंबर टॅक्स इन्व्हॉईसच्या सिरीजमधलाच हवा, प्रोफॉर्माचा नंबर फक्त रेफरन्स म्हणून. प्रोफॉर्मा विक्रीच्या खात्यात टाकायचाच नसतो, नाहीतर एकच विक्री दोनदा दिसते.

ॲडव्हान्स आला त्याच दिवशी टॅक्स लागतो का हे मात्र देशाप्रमाणे बदलतं. भारतात मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून साधारण जीएसटी भरावा लागत नाही, सर्व्हिसच्या ॲडव्हान्सवर लागतो. युरोपियन युनियनमध्ये मालाच्या ॲडव्हान्सवरही पैसे आले की व्हॅट लागू होतो, तिथे आधी भरलेला व्हॅट फायनल बिलात वजा दाखवावा लागतो, वरचा हिशोब जसाच्या तसा चालत नाही.

आता उरलेले १० नग. ते नंतर जाणार असतील तर ॲडव्हान्स कसा वाटायचा हे प्रोफॉर्मावरच लिहून ठेवा. नगाप्रमाणे वाटला तर पहिल्या बिलात १९,८०० वजा होऊन बाकी २९,७०० आणि दुसऱ्या ५,५०० च्या बिलात २,२०० वजा होऊन ३,३००. सगळा पहिल्याच बिलात वजा केला तर दुसरं बिल पूर्ण ५,५०० चं येणं राहतं. मला पहिली पद्धत बरी वाटते, कारण उरलेले नग कॅन्सल झाले तर परत द्यायचे २,२०० सरळ समोर दिसतात.