हिस्टरी आटोपशीर लिहिताना या चुका टाळा

“पोळ्याच्या आदल्या दिवशी फवारणी करत होतो, पंप पाठीवर. छातीत भरून आलं, बांधावर बसलो, बरं वाटलं. पोरगा म्हणाला गॅस हाय, त्यानं गोळी आणली. मग चुलतभावाकडं जेवायला गेलो, तिखट खाल्लं. चालताना रोज असंच व्हायचं. काल रात्री तर झोपेतनं उठलो, अंग घामानं भिजलं...”

56 वर्षांच्या शेतकऱ्याची ही हकिकत केसपेपरवर बहुधा अशी उतरते: ‘छातीत दुखणे, 3 आठवडे. गॅसचा त्रास.’ आटोपशीर आहे, पण कामाची गोष्टच गळाली. आधी फक्त श्रमाने होणारा त्रास काल रात्री विश्रांतीतही झाला. चुलतभाव, जेवण, पोराचं मत खुशाल गाळा, पण आजार कुठे पालटला ते गाळू नका. म्हणून मुख्य तक्रारीत दोन ओळी हव्यात:

श्रमाने छातीत भरून येणे: 3 आठवडे
विश्रांतीतही तसेच, सोबत घाम: काल रात्रीपासून

‘गॅस’ हे निदान झालं, आणि तेही मुलाने केलेलं. तक्रारीत रुग्णाला काय जाणवतं ते लिहायचं. ‘अंजायना’सुद्धा तिथे नको. सणावरून सांगितलेली वेळ कॅलेंडर पाहून दिवसांत किंवा आठवड्यांत बदला, नाहीतर पुढच्या पाळीच्या डॉक्टरला पोळा शोधत बसावं लागेल.

‘गोळीने बरं वाटलं’ हे वाक्य फार फसवतं. गोळी घेताना तो बसलेलाही होता. न घेता नुसतं बसल्यावर किती मिनिटांत थांबतं, ते विचारा.

विचारपूस करून झाल्यावर आजाराचा वृत्तांत असा होतो:

‘3 आठवड्यांपूर्वीपर्यंत त्रास नव्हता. फवारणी करताना छातीच्या मध्यभागी प्रथमच भरून आले. बसल्यावर 5 मिनिटांत, गोळीविना थांबले. त्यानंतर रोज चालताना तसेच. काल रात्री झोपेतून जाग, 30 मिनिटे त्रास, भरपूर घाम, वेदना डाव्या हातात. दम, चक्कर, ताप नाही. श्वास घेताना दुखणे वाढत नाही. शेवटची फवारणी 3 आठवड्यांपूर्वी.’

शेवटचं वाक्य फालतू वाटेल. पण काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही दरदरून घाम येतो, त्यामुळे फवारणीची तारीख ठेवावी लागते. मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूची नोंद त्यांच्या रकान्यात जाते.

‘नाही’ लिहायचं ते विचारलेल्याच गोष्टींपुढे. न विचारता ‘चक्कर नाही’ लिहिलं, की पुढचा डॉक्टरही तो प्रश्न सोडून देतो.

मात्र अशा रुग्णाची हिस्टरी नीटनेटकी करत बसू नका. आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून तो वाचलेला असावा. वाक्यं तोवर अर्धवट राहिली तरी चालतील. नंतर लिहिलेलं रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. वेळ किंवा क्रम चुकला असेल, तर तो बहुधा तिथेच अडवतो.